हजार एकच, दिशा दोन

20 मे हा जागतिक मापनशास्त्र दिन. 1875 साली याच तारखेला सतरा देशांच्या प्रतिनिधींनी पॅरिसमध्ये मीटर करारावर सह्या केल्या. 2019 साली याच दिवशी किलोग्रॅमची नवी व्याख्या अमलात आली आणि पॅरिसजवळच्या तिजोरीतल्या धातूच्या ठोकळ्याचे काम निसर्गातल्या एका स्थिरांकाकडे गेले. या दिवशी साहजिकच मीटर, किलोग्रॅम आणि सेकंद यांचे कौतुक होते. त्यांच्यापुढे लागणाऱ्या किलो, मिली, मायक्रो, गिगा या चिमुकल्या उपसर्गांकडे मात्र कोणी फारसे पाहत नाही. वास्तविक आपण बाजारात, दवाखान्यात आणि फोनवर दिवसभर बोलतो ते त्यांचीच नावे घेऊन. ‘दोन किलो कांदे’ म्हणताना तर आपण मूळ एकक गिळून नुसता उपसर्गच उच्चारतो.

या उपसर्गांतली पहिली गंमत अशी की किलो आणि मिली या दोन्हींचा मूळ अर्थ एकच आहे: हजार. ‘खिलिओइ’ हा ग्रीक भाषेतला हजार आणि ‘मिले’ हा लॅटिनमधला. तरीही किलोमीटर म्हणजे हजार मीटर आणि मिलिमीटर म्हणजे मीटरचा हजारावा भाग. एक उपसर्ग गुणतो, दुसरा भागतो. आणि कोणी गुणायचे, कोणी भागायचे याचा कसलाही पुरावा त्या शब्दांच्या पोटात नाही. तो निर्णय माणसांनी केला. कोणी, केव्हा आणि का, हे कळले की उपसर्गांचा सगळा पसारा उलगडतो. तो कुठे फसवू शकतो, हेही त्यातूनच कळते.

फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात गावोगावची वेगवेगळी मापे मोडून एकच दशमान पद्धत आणायचे ठरले. 1793 सालच्या पहिल्या मसुद्यात प्रत्येक मापाला स्वतंत्र नाव देण्याकडे कल होता. आज ज्याला आपण किलोग्रॅम म्हणतो त्याचे नाव तेव्हा ‘ग्राव्ह’ होते आणि त्याच्या हजाराव्या भागाचे ‘ग्राव्हे’. ही वाट धरली असती तर लांबी, वजन, आकारमान, जमीन अशा प्रत्येक राशीसाठी पाच-सहा नवी नावे घोकावी लागली असती. 7 एप्रिल 1795 च्या कायद्याने ती वाट सोडली. मीटर, ग्रॅम, लिटर, आर अशी मोजकी नावे ठेवली आणि लहान-मोठेपणा दाखवण्यासाठी सर्वांना लागू पडणारे उपसर्ग दिले. मोठ्या मापांसाठी ग्रीक: डेका, हेक्टो, किलो, मिरिया. लहान मापांसाठी लॅटिन: डेसी, सेंटी, मिली. ग्रीक वर नेतो, लॅटिन खाली आणतो. शाळकरी मुलाच्याही लक्षात राहील असा हा सरळ नियम होता.

नियम सरळ असला तरी शब्द घडवताना भाषेची ओढाताण झालीच. ग्रीक ‘हेकातोन’ म्हणजे शंभर. त्याचा मधला भाग गाळून ‘हेक्टो’ केला. ‘खिलिओइ’मधला घशातला उच्चार फ्रेंच जिभेला सोयीचा करून ‘किलो’ केला. लॅटिनमध्ये ‘डेसिमस’ म्हणजे दहावा, तेव्हा ‘डेसी’ हा दहाव्या भागाला शोभतो. पण ‘सेंटम’ म्हणजे शंभर आणि ‘मिले’ म्हणजे हजार. शंभरावा, हजारावा नव्हे. म्हणजे तीन लॅटिन उपसर्गांपैकी दोन व्याकरणाच्या कसोटीवर उतरत नाहीत. कायदा करणाऱ्यांना त्याची फिकीर नव्हती. त्यांना कोश लिहायचा नव्हता, बाजार चालवायचा होता.

त्या कायद्यातला ‘हेक्टो’ आज महाराष्ट्राच्या प्रत्येक सातबाऱ्यावर बसलेला आहे. आर म्हणजे शंभर चौरस मीटर आणि हेक्टर म्हणजे हेक्टो-आर, शंभर आर. सातबाऱ्यावर 0.40 हेक्टर लिहिलेले असेल तर ते 40 आर झाले. आर आणि आपला गुंठा यांत जेमतेम एका टक्क्याचा फरक असल्यामुळे शेतकरी त्याला सरळ 40 गुंठे, म्हणजे एक एकर समजतो आणि फारसा चुकत नाही. ज्या शेतकऱ्याने ग्रीक भाषेचे नावही ऐकलेले नसेल, तो ग्रीक शंभराने जमीन मोजतो आणि बिनचूक व्यवहार करतो. शब्दाचे मूळ ठाऊक असण्यावर मापाचा अर्थ अवलंबून नाही, याचा यापेक्षा चांगला दाखला शोधायला नको.

त्याच यादीतला ‘मिरिया’ म्हणजे दहा हजार मात्र काळाच्या ओघात गळून पडला. आपल्याकडेही तेच घडले. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एकापासून परार्धापर्यंत दहाच्या अठरा पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीला स्वतंत्र नाव आहे. त्यात दहा हजाराचे नाव ‘अयुत’. आज सहस्र, लक्ष, कोटी, अब्ज आपल्या तोंडी आहेत. अयुत कोणी म्हणत नाही. प्रत्येक पायरीला नाव दिले तरी लोक आपल्या सोयीच्या पायऱ्याच वापरतात, बाकीच्या ओलांडून जातात. युरोपने हजाराच्या उड्या निवडल्या, आपण हजारानंतर शंभराच्या.

ग्रीक वर, लॅटिन खाली हा नियम सत्तर-ऐंशी वर्षे टिकला. मग वीज आणि तारायंत्राचा जमाना आला आणि हजारापलीकडच्या व हजाराव्या भागाखालच्या मापांची गरज पडू लागली. 1873 साली ब्रिटिश असोसिएशनच्या समितीने आपल्या एककपद्धतीत दहा लाखांसाठी ‘मेगा’ आणि दहा लाखाव्या भागासाठी ‘मायक्रो’ हे उपसर्ग घेतले. इथे दोन गोष्टी एकदम बदलल्या. मायक्रो हा ग्रीक असूनही खाली नेणारा निघाला, म्हणजे जुना नियम मोडला. त्याहून मोठा बदल असा की हे दोन्ही शब्द संख्यावाचक नाहीत. ‘मेगास’ म्हणजे मोठा. आपल्या संस्कृत ‘महत्’चा तो भाषिक भाऊबंदच. ‘मिक्रोस’ म्हणजे लहान. किलो निदान ‘हजार’ तरी म्हणत होता. मेगा नुसता ‘मोठा’ म्हणतो. किती मोठा, ते तक्त्यात पाहायचे.

1960 साली वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय महापरिषदेने आजची ‘एसआय’ पद्धत स्वीकारली आणि विशेषणांची ही रांग लांबली. शंभर कोटींसाठी, म्हणजे अब्जासाठी ‘गिगा’. ग्रीक ‘गिगास’ म्हणजे राक्षसी देहाचा. त्याच्या हजारपटीसाठी ‘टेरा’. ‘तेरास’ म्हणजे अक्राळविक्राळ प्राणी. खालच्या बाजूला अब्जाव्या भागासाठी ‘नॅनो’. ‘नानोस’ म्हणजे बुटका. आणि त्याच्याही हजाराव्या भागासाठी ‘पिको’. आता बुटका हा लहानापेक्षा बरोबर हजारपट लहान का, किंवा अक्राळविक्राळ हा राक्षसापेक्षा हजारपट मोठा का, याला उत्तर नाही. विशेषणांची अडचणच ही की त्यांना क्रम नसतो. आणखी वर जायचे तर राक्षसाचा बाप कुठून आणायचा?

ही कोंडी 1975 साली एका शब्दखेळाने फुटली. ‘टेरा’ हा शब्द योगायोगाने ग्रीक ‘तेत्रा’, म्हणजे चार, यातून एक त गाळल्यासारखा दिसतो; आणि टेरा म्हणजे हजाराचा चौथा घात. मग हजाराच्या पाचव्या घातासाठी ‘पेंटा’तला अनुस्वार गाळून ‘पेटा’ केला आणि सहाव्यासाठी ‘हेक्सा’तला ह गाळून ‘एक्सा’. 1991 साली सातव्या-आठव्या घातांसाठी ‘झेटा’ आणि ‘योटा’ आले. त्यांच्यात अनुक्रमे सात आणि आठ दडलेले आहेत. सातासाठी आरंभीचा स बदलून झ घेतला, कारण s हे चिन्ह सेकंदाकडे आहे. आठासाठी पुढे य जोडला, कारण O हे अक्षर चिन्ह म्हणून वापरले असते तर ते शून्यासारखे वाचले गेले असते. त्याआधी 1964 साली खालच्या बाजूला ‘फेम्टो’ आणि ‘अॅटो’ आले ते डॅनिश भाषेतल्या पंधरा आणि अठरा या आकड्यांवरून. तिथे हजाराचे घात न मोजता थेट दहाचे घात मोजले. म्हणजे ग्रीक-लॅटिनची मक्तेदारीही उरली नाही.

शेवटची भर 18 नोव्हेंबर 2022 ची. नऊ आणि दहा या आकड्यांवर सैलसर बेतलेले ‘रोना’ आणि ‘क्वेटा’, आणि त्यांचे खालचे जोडीदार ‘रोंटो’ आणि ‘क्वेक्टो’. इथे अर्थापेक्षा अक्षराने निवड केली. विदासाठ्यांचे आकडे योटाकडे सरकू लागले होते, लोक मनानेच नावे बनवू लागले होते आणि इतर कोणत्या एककाने किंवा उपसर्गाने न अडवलेली R आणि Q ही अक्षरे मोकळी होती. पृथ्वीचे वस्तुमान आता सुमारे सहा रोनाग्रॅम असे सांगता येते आणि इलेक्ट्रॉनचे सुमारे एक रोंटोग्रॅम.

तेव्हा दोनशे वर्षांत उपसर्गांनी तीन वेश घेतले. आधी उघड आकडा, मग विशेषण, मग पुन्हा आकडा, पण वेशांतर केलेला. मुळे शोधण्याचा आनंद खरा आहे आणि पाठांतराला त्यांची मदतही होते. पण मुळावर विसंबून अर्थ काढू गेले तर मिली आणि किलो एकच ठरतील आणि मेगा व गिगा यांत निवड करता येणार नाही. उपसर्गाचा अर्थ मुळात नाही, करारात आहे. म्हणूनच मीटर कराराच्या दिवशी त्यांची आठवण काढणे योग्य. आणि म्हणूनच, जिथे करार ढिला पडतो तिथे लगेच घोटाळा होतो.

पहिला घोटाळा आपल्या लाख-कोटींशी लावलेल्या जोडणीचा. मेगा म्हणजे लाख नव्हे, दहा लाख. गिगा म्हणजे कोटी नव्हे, शंभर कोटी. कोयना जलविद्युत प्रकल्पाची क्षमता 1960 मेगावॉट सांगतात. त्याचे वॉट करायचे तर 1960 ला दहा लाखांनी गुणायचे: 196 कोटी वॉट, म्हणजे जवळपास दोन गिगावॉट. हे एकदा कागदावर करून पाहिले की मेगा आणि गिगा आपल्या अंकांत कुठे बसतात ते पक्के होते. इंग्रजी बातमीतल्या मिलियनचे मराठीत लाख करणाऱ्या घाईने दहापट चूक होते, तीच घाई मेगाच्या बाबतीतही होते. दहापट चूक सहज लपते, कारण तिचे उत्तर हास्यास्पद वाटत नाही.

दुसरा घोटाळा संगणकाने केला. संगणकाची स्मृती दोनच्या घातांत बांधलेली असते आणि दोनचा दहावा घात 1024 येतो. तो हजाराच्या इतका जवळ की अभियंत्यांनी त्यालाच ‘किलो’ म्हणायला सुरुवात केली. किलोपाशी हा फरक 2.4 टक्क्यांचा. पण प्रत्येक पायरीला तो वाढत जातो: मेगापाशी जवळपास पाच टक्के, गिगापाशी सात, टेरापाशी दहा. म्हणून एक टेराबाइटची डिस्क आणून संगणकाला जोडली की अनेक यंत्रांवर ती 931 गिगाबाइट दिसते आणि ग्राहकाला वाटते, दुकानदाराने फसवले. त्याने फसवलेले नसते. डिस्क बनवणारा टेरा दहाच्या घाताने मोजतो आणि ती दाखवणारी प्रणाली 1024 च्या घाताने. दोघांच्या तोंडी शब्द एकच. 1998 साली आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने 1024 च्या पटींसाठी ‘किबी’, ‘मेबी’, ‘गिबी’ असे वेगळे उपसर्ग ठरवून दिले, पण ते बहुतांशी तांत्रिक वापरापुरतेच राहिले. जवळजवळ सारखे असलेल्या दोन गोष्टींना एकच नाव दिले की ते परत घेणे किती अवघड जाते, हे त्यातून दिसते.

तिसरा घोटाळा खिशाचा नाही, जिवाचा आहे. मेगाला M आणि मिलीला m दिल्यावर मायक्रोसाठी रोमन लिपीतला ‘एम’ उरलाच नाही. म्हणून त्याला ग्रीक µ मिळाले. सगळ्या उपसर्गांत ग्रीक अक्षर असलेले हे एकमेव चिन्ह. डॉक्टरांच्या घाईच्या अक्षरात ते सहज m सारखे दिसते आणि मायक्रोग्रॅमचा मिलिग्रॅम होतो. चूक थेट हजारपटीची.

हे किती मोठे प्रकरण आहे ते एका हिशेबाने पाहू. अतिदक्षता विभागात रक्तदाब सावरण्यासाठी डोपामिन हे औषध पंपाने थेंबाथेंबाने देतात. समजा आज्ञा आहे: दर किलो वजनामागे दर मिनिटाला 5 मायक्रोग्रॅम. रुग्णाचे वजन 60 किलो. म्हणजे मिनिटाला 300 मायक्रोग्रॅम, तासाला 18,000 मायक्रोग्रॅम, म्हणजेच 18 मिलिग्रॅम. 200 मिलिग्रॅम औषध 50 मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये भरले तर दर मिलिलिटरमध्ये 4 मिलिग्रॅम आले. अठराला चाराने भागले: पंपाचा वेग तासाला साडेचार मिलिलिटर. या एका हिशेबात किलो, मिली आणि मायक्रो तिघेही हजर आहेत. आता मायक्रोच्या जागी मिली वाचून पाहा. वेग येतो तासाला 4,500 मिलिलिटर. पन्नास मिलिलिटरची सिरिंज एका मिनिटाच्या आत रिकामी होईल. परिचारिका तिथेच थांबेल, कारण उत्तरच अशक्य आहे.

म्हणजे हजारपट चूक बहुधा स्वतःच ओरडून सांगते. पण हिशेब शेवटपर्यंत नेला तरच. औषध थोडे असेल, कुपी लहान असेल, पंप नसेल आणि एकाच औषधाच्या मायक्रोग्रॅम व मिलिग्रॅम अशा दोन्ही मात्रा कपाटात असतील, तर ओरडायला काही उरत नाही. थायरॉइडच्या गोळ्या 25, 50, 100 मायक्रोग्रॅमच्या असतात. त्या मिलिग्रॅममध्ये लिहायच्या तर 0.025 किंवा 0.05 असे दशांश लिहावे लागतील, आणि त्यात एक शून्य निसटले की मात्रा दहापट. आकडा एक ते हजार यांच्या दरम्यान राहावा आणि शून्ये मोजावी लागू नयेत, हेच तर उपसर्गाचे काम. ते काम µ च्या आकृतीमुळे बिघडत असेल तर आकृती टाकावी, उपसर्ग नव्हे. औषधसुरक्षेचे काम करणाऱ्या संस्थांनी हाताने µ लिहू नये असे म्हटले आहे ते याच कारणाने.

आमचे म्हणणे एवढेच की उपसर्ग हे करारातले शब्द आहेत, तेव्हा ते करारातल्यासारखे लिहावेत. चिठ्ठीवर आणि रुग्णाच्या तक्त्यावर ‘मायक्रोग्रॅम’ हा शब्द पूर्ण लिहावा. देवनागरीत तो लिहिला तर मिलिग्रॅमशी त्याची गल्लत होऊच शकत नाही. दुकानाच्या पाटीवर आणि पिशवीवर KG नको, kg हवे, कारण मोठा K हे केल्विनचे, तापमानाच्या एककाचे चिन्ह आहे. विजेची आणि धरणांची बातमी देताना मेगावॉटशेजारी कोटींतला आकडा एकदा करून पाहावा. डिस्क विकणाऱ्याने टेरा हजाराच्या घाताचा आहे हे डब्यावर ठळक छापावे. आणि शाळेत ‘किलो-हेक्टो-डेका’ची साखळी पाठ करून घेताना गुरुजींनी फळ्यावर एवढे जरूर लिहावे की किलो आणि मिली दोघेही हजारच आहेत, एकाने गुणायचे आणि दुसऱ्याने भागायचे, हे 1795 सालच्या कायद्याने ठरवले. ज्या मुलाला हे एकदा कळले, तो पुढे औषधाच्या बाटलीवरचा किंवा विजेच्या बिलावरचा आकडा वाचताना उपसर्गापाशी क्षणभर थांबेल आणि विचारेल: गुणायचे की भागायचे, आणि कितीने?